आयोचा मोक्ष आणि गुरूचं मंदफल

१८ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी सव्वासहाला मी गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून बसले होते आणि चुकीच्या बाजूला बघत होते. गुरूच्या छायेतून त्याचा चंद्र आयो पूर्वेकडे बाहेर येणार हे मला माहीत होतं. पण माझी दुर्बीण न्यूटन पद्धतीची, म्हणजे आरशाची, आणि तिच्यात चित्र पूर्ण उलटं दिसतं, हे त्या घाईत डोक्यातून निसटलं. वीस मिनिटं मी गुरूच्या पश्चिमेकडची काळी जागा न्याहाळली आणि शेवटी मान वळवली, तेव्हा दुसऱ्या बाजूला आयो ठसठशीत चमकत होता. कधी आला ते कळलंच नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत शाल पांघरून बसले होते. ते म्हणाले, "मोक्ष झाला वाटतं?"

ग्रहणाला लागतं त्या क्षणाला स्पर्श आणि सुटतं त्या क्षणाला मोक्ष, हे पंचांगातले शब्द अप्पांच्या तोंडी कायम असतात. ते गणिताचे निवृत्त शिक्षक, आणि पंचांगाचं गणित हाताने करायचा त्यांना नाद आहे. पुढचे पाच महिने आमच्या घरात 'आयोचा मोक्ष' हा शब्दप्रयोग इतका रुळला, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणाचं तरी श्राद्ध आहे.

मला करायचं होतं ते साधं होतं. ओले रोमरने १६७६ साली पॅरिसच्या वेधशाळेत जे दाखवलं, ते बार्शीच्या गच्चीवरून करून पाहायचं. आयो हा गुरूचा सगळ्यात आतला मोठा चंद्र. तो दर फेरीला गुरूच्या छायेत शिरतो आणि बाहेर येतो, म्हणजे आकाशात टांगलेलं एक घड्याळच. पृथ्वी गुरूपासून दूर जायला लागली की प्रत्येक मोक्षाची बातमी आपल्याला थोडी उशिरा पोचते, कारण प्रकाशाला जास्त अंतर कापावं लागतं. हा साचलेला उशीर मोजायचा, त्या काळात अंतर किती वाढलं ते काढायचं आणि भागाकार करायचा.

पुस्तकांत हे वाचताना वाटतं की दोन लागोपाठ मोक्षांमधला वेळच बदललेला दिसत असेल. तसा तो बदलतो, पण आयोच्या एका फेरीत, म्हणजे साडेबेचाळीस तासांत, पृथ्वी गुरूपासून फार तर चाळीस-त्रेचाळीस लाख किलोमीटर दूर जाते. त्याचा उशीर होतो जेमतेम १४ सेकंद. माझ्या डोळ्याची चूक त्याहून मोठी. म्हणून एक-दोन फेऱ्यांत काही हाती लागत नाही. शेपन्नास फेऱ्या जाऊ द्यायच्या, मग उशीर मिनिटांत मोजता येतो.

शिवाय आयोच्या एकाच ग्रहणाचे स्पर्श आणि मोक्ष दोन्ही पृथ्वीवरून कधीच दिसत नाहीत. प्रतियुतीच्या, म्हणजे गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो त्या दिवसाच्या, आधी गुरूची छाया आपल्याला त्याच्या पश्चिमेला पडलेली दिसते, तेव्हा फक्त स्पर्श दिसतो, आणि आयो बाहेर येतो तोवर तो गुरूच्या बिंबामागे गेलेला असतो. प्रतियुतीनंतर उलट, फक्त मोक्ष दिसतो. त्या वर्षी प्रतियुती ३ नोव्हेंबरला झाली होती. म्हणजे माझ्या वाट्याला मोक्ष आले, आणि ते सोयीचेही होते. हिवाळा, निरभ्र आकाश, आणि गुरू संध्याकाळी वर.

सोयीची आणखी एक गोष्ट कागदावर आकडे मांडताना सापडली. आयोच्या १३ फेऱ्यांना २३ दिवस आणि १२ मिनिटं लागतात. म्हणजे एक मोक्ष रात्री आठच्या सुमारास दिसला, की दर २३ दिवसांनी जवळपास त्याच वेळी पुन्हा दिसणार. बँकेची नोकरी सांभाळून हे जमण्यासारखं होतं. २५ नोव्हेंबर, १८ डिसेंबर, १० जानेवारी, २ फेब्रुवारी अशा तारखा मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवल्या. पुढे वेळ उशिराकडे सरकत जाते आणि गुरू मात्र लवकर मावळायला लागतो. तेव्हा मधली ९ फेऱ्यांची उडी घेतली. ती १६ दिवसांना पावणेदोन तास कमी पडते, त्यामुळे १२ मार्च आणि ४ एप्रिलच्या संध्याकाळी पुन्हा सोयीच्या वेळा मिळाल्या.

आता मोक्ष बघणं म्हणजे नेमकं काय, ते सांगते. माझी दुर्बीण १३० मिलिमीटरची, केंद्रांतर ६५० मिलिमीटर. ६ मिलिमीटरची नेत्रिका लावली की १०८ पट मोठं दिसतं. गुरू इतका झगझगीत असतो, की त्याच्याजवळचा फिका ठिपका त्याच उजेडात बुडतो. म्हणून मोक्षाच्या पाच मिनिटं आधी गुरूला दृष्टिक्षेत्राच्या काठाबाहेर ढकलायचं आणि जिथून आयो येणार ती जागा मधोमध ठेवायची. नोव्हेंबरात ती जागा गुरूच्या कडेपासून त्याच्या व्यासाच्या पाचव्या हिश्श्याइतक्या अंतरावर होती. मोबाईलवर जीपीएसवरून जुळवलेलं घड्याळ बोलत राहतं, दुसऱ्या मोबाईलवर आवाज टिपायचा, आणि ठिपका दिसला की तोंडाने "आला" म्हणायचं. मग निवांतपणे ध्वनिफीत ऐकून सेकंद काढायचे. घड्याळाकडे बघायला मान वळवली की खेळ खलास.

आयो दिवा लागल्यासारखा एकदम प्रकट होत नाही. त्याचा व्यास सुमारे ३,६४० किलोमीटर आणि वेग सेकंदाला १७ किलोमीटरच्या आसपास. छायेची कड ओलांडायलाच त्याला साडेतीन मिनिटांहून जास्त लागतात. त्यात सूर्य बिंदू नसून बिंब आहे, त्यामुळे छायेची कडही थोडी पुसट असते. आधी काहीच नसतं, मग एक शंका असते, मग एक सुईचं टोक, आणि चारेक मिनिटांत पूर्ण उजळलेला आयो. 'शंका' आणि 'टोक' यांच्यामध्ये दहा-पंधरा सेकंद सहज जातात. मी ठरवलं की शंकेला मोजायचं नाही, नजर जरा बाजूला नेऊन परत आणली तरी ठिपका जागेवर असला, की मगच "आला". शिवाय तो पूर्ण उजळला असं वाटलं की "झाला" असंही म्हणायचं. हा दुसरा शब्द केवळ हौसेखातर टिपला होता, पण शेवटी तोच कामी आला.

२५ नोव्हेंबरला "आला" रात्री ८ वाजून १० मिनिटं ४० सेकंदांनी. गुरू पूर्वेला चांगला वर होता, हवा स्थिर. "झाला" त्यानंतर ३ मिनिटं ५५ सेकंदांनी.

मधल्या रात्रींपैकी काही ढगांनी खाल्ल्या, काही मिळाल्या. त्यांचा उपयोग मी फेऱ्यांची मोजणी चुकली नाही ना, एवढंच पाहायला केला. खरं तर सगळ्या वेळा एकत्र घेऊन रेषा बसवणं जास्त योग्य. पण मला पहिल्या आणि शेवटच्या टोकावरच हिशेब करून बघायचा होता, कारण त्यात कुठली चूक कुठून आली ते उघडं दिसतं.

४ एप्रिल २०२४ ला गुरू पश्चिमेला, क्षितिजापासून वीस अंशांच्या आत. उन्हाळ्याची धूळ, खालच्या गल्लीतला फ्लडलाइट आणि हेलकावणारी प्रतिमा. "आला" संध्याकाळी ७ वाजून ४३ मिनिटं ४० सेकंदांनी. पुढचा सोयीचा मोक्ष २७ एप्रिलला होता, पण तेव्हा गुरू सूर्याच्या मागोमागच मावळणार. म्हणजे हेच शेवटचं टोक.

दोन मोक्षांमध्ये ७४ फेऱ्या झाल्या. मोजलेला काळ १३० दिवस २३ तास ३३ मिनिटं.

सूर्यावरून पाहिलं तर आयोची एका ग्रहणापासून पुढच्या ग्रहणापर्यंतची मध्यम, म्हणजे सरासरी, फेरी ४२ तास २८ मिनिटं ३५.९५ सेकंदांची. ती ७४ वेळा घेतली की १३० दिवस २३ तास १६ मिनिटं २० सेकंद. फरक १६ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे बरोबर १,००० सेकंद. या काळात पृथ्वी आणि गुरू यांच्यातलं अंतर ४.०६७ खगोलीय एककांवरून ५.८१४ झालं होतं, वाढ १.७४७. भागाकार केला तर सूर्य ते पृथ्वी या अंतराला प्रकाशाला ५७२ सेकंद. एका एककाचे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर धरले, तर वेग सेकंदाला सुमारे २,६१,००० किलोमीटर.

खरा आकडा २,९९,७९२. म्हणजे माझी चूक तेरा टक्क्यांची. गच्चीवरच्या दुर्बिणीला आणि पन्नाशीच्या डोळ्याला हे काही वाईट नाही, असं म्हणून मी वही मिटली आणि अप्पांना दाखवली.

अप्पांनी चष्मा लावून पानभर वाचलं आणि विचारलं, "गुरूचं मंदफल कुठं धरलंस?"

"म्हणजे?"

"अगं, तू मध्यम फेरी घेतलीस. आयोला छायेत जायचंय, आणि छाया सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते. गुरू सूर्याभोवती जेवढा सरकेल तेवढीच छायाही सरकणार. तुझा गुरू मध्यम गतीने चालतो का?"

चालत नाही. गुरूची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये तो सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूतून गेला होता. म्हणजे माझ्या निरीक्षणाच्या काळात तो सरासरीपेक्षा वेगाने चालला होता. मध्यम स्थान आणि स्पष्ट स्थान यांच्यातला फरक म्हणजे मंदफल, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ते माझ्या या हिशेबात शिरेल असं डोक्यात आलं नव्हतं.

आकडे काढले. मध्यम गतीने १३१ दिवसांत गुरू १०.८८ अंश गेला असता. प्रत्यक्षात त्याचा सूर्यकेंद्री रेखांश ११.८२ अंशांनी वाढला. म्हणजे छाया जवळजवळ ०.९४ अंश जास्त पुढे पळाली, आणि आयोला ती गाठायला तेवढं जास्त जावं लागलं. आयोला एक अंश जायला ७ मिनिटं ५ सेकंद लागतात. म्हणून माझ्या हजार सेकंदांतले ३९८ सेकंद प्रकाशाचे नव्हतेच, ते गुरूच्या चालीचे होते.

हा आकडा बघून मी हबकलेच. फेरीमागे फक्त साडेपाच सेकंदांचा फरक, पण ७४ फेऱ्यांत तो साडेसहा मिनिटांवर गेला. आणि आपण शोधतोय तो उशीरच मुळात चौदा-पंधरा मिनिटांचा.

आता दुरुस्त हिशेब. १,००० वजा ३९८, उरले ६०२ सेकंद. १.७४७ ने भागले तर एककाला ३४५ सेकंद. वेग सेकंदाला ४,३४,००० किलोमीटर.

म्हणजे एक खरी, आवश्यक, शंभर टक्के बरोबर दुरुस्ती केली आणि उत्तर तेरा टक्क्यांच्या चुकीवरून पंचेचाळीस टक्क्यांच्या चुकीवर गेलं! दोन दिवस मी चिन्ह चुकलं का ते तपासत बसले. अधिकच्या जागी उणे घेतलं असेल, तारीख चुकली असेल, फेऱ्या ७४ नसून ७३ असतील. पण एक फेरी चुकली असती तर फरक साडेबेचाळीस तासांचा पडला असता. मोक्षाची वेळ पाच मिनिटांनी चुकली असेल हेही शक्य नव्हतं, कारण पाच मिनिटांत अख्खा आयो बाहेर येऊन उजळून निघतो.

दुसरा संशय छायेच्या रुंदीवर होता. आयोची कक्षा गुरूच्या विषुववृत्ताच्या पातळीत आहे, आणि ते विषुववृत्त गुरूच्या कक्षेशी तीन अंशांहून थोडं जास्त कललेलं आहे. म्हणून आयो कधी छायेच्या मधोमध जातो, कधी थोडा वरून किंवा खालून. ग्रहणाचा काळ त्यामुळे कमीजास्त होतो आणि मोक्ष मागेपुढे सरकतो. वाईट वर्षी एका मोसमात हा फरक मिनिटाच्या घरात जाऊ शकतो. पण माझ्या नशिबाने त्या मोसमात कल अगदी कमाल मूल्याशी होता, नोव्हेंबरात ३.११ अंश आणि एप्रिलात ३.१० अंश. कमाल मूल्यापाशी कुठलीही राशी हळूच बदलते. फरक निघाला दोनेक सेकंदांचा. तो सोडून दिला.

मग उरला खुद्द आयो. अप्पा जेवताना म्हणाले, "तू गुरूला मंदफल दिलंस. आयोला दिलंस का?"

आयोची कक्षा जवळजवळ वर्तुळ आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते खरंही आहे. तिची विकेंद्रता, म्हणजे वर्तुळापासून ढळण्याचं माप, ०.००४ आहे, म्हणजे गुरूच्या कक्षेच्या बाराव्या हिश्श्याएवढी. एवढ्याशा विकेंद्रतेचं काय घेऊन बसायचं? पण गणित करा. मंदफलाचा कमाल आकडा विकेंद्रतेच्या दुपटीएवढा असतो, तो इथे आला ०.४७ अंश. अंशाला सात मिनिटं, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आत-बाहेर. आयो आपल्या मध्यम जागेच्या जास्तीत जास्त तेवढा पुढे किंवा मागे असू शकतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला तर पावणेसात मिनिटं.

ही विकेंद्रता आयोची स्वतःची नाही, ती युरोपाने, म्हणजे गुरूच्या त्याच्या पलीकडच्या चंद्राने, लादलेली आहे. आयो दोन फेऱ्या मारतो तेवढ्यात युरोपाची जवळजवळ एक फेरी होते. त्यामुळे दोघांची गाठ जवळपास त्याच त्या जागी पडत राहते आणि युरोपाची ओढ दरवेळी एकाच दिशेने बसते. गाठीची ही जागा हळूहळू फिरत असते. ग्रहणांच्या हिशेबाने ती ४३७ दिवसांत एक चक्कर पूर्ण करते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ब्रॅडली आणि स्वीडनमध्ये वार्जेन्टिन यांनी हे ४३७ दिवसांचं चक्र ग्रहणांच्या वेळांमधूनच ओळखलं, त्यामागचं कारण माहीत नसताना.

अप्पांना हे भलतंच आवडलं. सूत्र छोटं आहे: आयो आणि युरोपा यांच्या मध्यम रेखांशांतला फरक घ्या, दुप्पट करा, त्याची ज्या, म्हणजे साइन, काढा आणि ०.४७३ अंशांनी गुणा. अप्पांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून ज्या-कोष्टक काढलं. मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही. २५ नोव्हेंबरला आयो मध्यम जागेच्या ०.२३ अंश मागे होता. ४ एप्रिलला ०.४६ अंश पुढे. म्हणजे मधल्या काळात तो ०.७० अंशांनी पुढे सरकला होता आणि मोक्ष २९७ सेकंद लवकर आला होता. प्रकाशाच्या उशिरातले जवळजवळ पाच मिनिटं त्याने गिळून टाकले होते.

६०२ अधिक २९७ म्हणजे ८९९ सेकंद. भागिले १.७४७, तर ५१५ सेकंद. वेग सेकंदाला सुमारे २,९०,७०० किलोमीटर. चूक तीन टक्के.

पहिलं उत्तर बरं का आलं होतं ते आता कळलं. गुरूच्या चालीने साडेसहा मिनिटं वाढवली होती, युरोपाच्या ओढीने पाच मिनिटं खाल्ली होती. दोन मोठ्या चुका एकमेकींच्या अंगावर पडून झाकल्या गेल्या होत्या. मी वही तिथेच मिटून ठेवली असती, तर तेरा टक्क्यांची चूक डोळ्यांच्या थकव्यावर ढकलून मोकळी झाले असते.

त्यानंतर मला रोमरचा आकडा वेगळ्याच नजरेने दिसायला लागला. त्याने पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असं काढलं होतं. आज आपण १६ मिनिटं ३८ सेकंद म्हणतो. त्याने १६७६ मध्ये आधीच सांगून ठेवलं होतं, की ९ नोव्हेंबरचा मोक्ष ऑगस्टमधल्या ग्रहणांवरून काढलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं उशिरा दिसेल, आणि तो तसा दिसला. पॅरिस वेधशाळेचा प्रमुख कासिनी मात्र प्रकाशाचं हे स्पष्टीकरण मानायला तयार नव्हता. त्याचा आक्षेप होता की गुरूच्या इतर चंद्रांच्या ग्रहणांत हा उशीर नीट दिसत नाही. शाळेत हे शिकवताना कासिनीला हट्टी म्हातारा करून टाकतात. पण ज्याच्या हातात युरोपा आणि गॅनिमीडच्या वेळा होत्या, आणि त्यांचे एकमेकांवरचे परिणाम ज्याला कळायला मार्ग नव्हता, त्याने शंका घ्यावी नाही तर काय करावं? युरोपाचं याच चक्रातलं मंदफल आयोच्या दुपटीहून मोठं आहे आणि तिची फेरीही दुप्पट लांब. तिच्या वेळांत हा घोळ पंधरा-सोळा मिनिटं इकडे आणि तेवढीच तिकडे सहज जातो. त्यात सोळा मिनिटांचा प्रकाश शोधायचा म्हणजे कढीत पडलेला तांदळाचा दाणा शोधणं.

आणि एका मोसमात तो वेगळा काढता येतच नाही, ही खरी गोम आहे. पृथ्वी-गुरूचं अंतर ३९९ दिवसांच्या चक्राने वरखाली होतं आणि आयोचं हे मंदफल ४३७ दिवसांच्या. दोन्ही चक्रं इतकी सारखी, की पाच महिन्यांच्या निरीक्षणात एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते दिसत नाही. त्यांची फारकत पूर्ण व्हायला बारा वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे मी कुठलंही उसनं सूत्र न घेता, निव्वळ माझ्या गच्चीवरून प्रकाशाचा वेग काढायचा म्हटलं, तर बारा वर्षं दर हिवाळ्यात मोक्ष टिपत राहायला हवेत. पुढच्या मोसमाचं, डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ चं, मंदफल काढून पाहिलं, तर तिथेही आयो पुन्हा पाच मिनिटांच्या आसपास लवकरच येणार होता. सरासरी घेऊन सुटका नाही.

उसनं काय घेतलं आणि काय नाही, यावर आमचा वाद झाला होता तोही इथे नोंदवते. मोबाईलवरची ॲप्स मोक्षाची वेळ मिनिटापर्यंत सांगतात. त्या वेळेशी माझी वेळ ताडून उशीर काढायचा म्हटलं तर काहीच निघणार नाही, कारण त्या वेळेत प्रकाशाचा वेग आधीच घातलेला असतो. म्हणून ॲपचा उपयोग मी फक्त कधी वर जाऊन बसायचं एवढ्यापुरता केला. आयोची फेरी, गुरूचा सूर्यकेंद्री रेखांश, दोघांमधलं अंतर एककांत, आणि युरोपाचं सूत्र, एवढं मात्र घेतलं. एककाचे किलोमीटरही घेतलेच. अप्पांचं म्हणणं, सूत्र घेतलंस तिथेच प्रयोग संपला. माझं म्हणणं, सूत्रात आयोची जागा आहे, प्रकाश नाही. ते सूत्र बसवताना कुणीतरी प्रकाश वजा केलाच असणार, हे त्यांनी लगेच दाखवून दिलं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

राहिलेले तीन टक्के कुठे गेले त्याचा माग 'झाला' या शब्दाने लावून दिला. ४ एप्रिलच्या ध्वनिफितीत "आला" ते "झाला" हे अंतर ३ मिनिटं २५ सेकंदांचं आहे. नोव्हेंबरात ते ३ मिनिटं ५५ सेकंद होतं. आयोला छायेतून बाहेर यायला दोन्ही वेळी तेवढाच वेळ लागतो. म्हणजे एप्रिलमधले तीस सेकंद सुरुवातीचे गेले: क्षितिजाजवळच्या धुरळ्यात पहिला बारीक ठिपका माझ्या डोळ्याला दिसलाच नाही, तो बराच उजळल्यावर मी "आला" म्हणाले. ते तीस सेकंद ८९९ मधून काढले तर ८६९ उरतात आणि एककाला ४९७ सेकंद येतात. मानलेला आकडा ४९९.

ही दुरुस्ती मी वहीत पेन्सिलने लिहून ठेवली आहे, शाईने नाही. "झाला" कधी म्हणायचं याचा काही नियम मी आधी ठरवला नव्हता, आणि ध्वनिफीत दुसऱ्यांदा ऐकायला बसले तेव्हा उत्तर किती यायला हवं ते मला ठाऊक होतं. शाईत ५१५ आहे. त्याच्या शेजारी अप्पांनी त्यांच्या बारीक अक्षरात नोव्हेंबर आणि एप्रिलच्या दोन ज्या लिहून खाली रेघ मारली आहे, आणि २०३५ पर्यंतच्या प्रतियुतींच्या तारखा काढायला घेतल्या आहेत.